मामाचं आडनाव सगळ्यांना माहीत असतं: खात्याच्या सुरक्षा प्रश्नांना कोणती उत्तरं द्यायची

आमच्या नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या घराशेजारच्या काकू मागच्या महिन्यात लॅपटॉप घेऊन आल्या. त्यांचं पंधरा-सोळा वर्षं जुनं ईमेल खातं आहे. पेन्शनची पत्रं, मुलीच्या लहानपणीचे फोटो, विम्याच्या पावत्या, सगळं त्यातच. त्या खात्याने त्यांना तीन सुरक्षा प्रश्न नव्याने निवडायला सांगितले होते. पासवर्ड विसरला, तर हेच प्रश्न विचारून खातं परत मिळतं. काकूंनी आईचं माहेरचं आडनाव, पहिली शाळा आणि पाळीव प्राण्याचं नाव असे तीन प्रश्न निवडले आणि खरी उत्तरं टाइप करायला घेतली.

मी त्यांना थांबवलं आणि विचारलं, "काकू, ही तीन उत्तरं मी तुम्हाला न विचारता शोधून दाखवू का?" त्या म्हणाल्या, "शोध नं. तुला कुठून माहीत असणार माझ्या आईचं माहेर?"

मी माझ्या फोनवर त्यांचं फेसबुक उघडलं. शाळा पाच मिनिटांत सापडली. माजी विद्यार्थिनींच्या स्नेहमेळाव्याचा फोटो होता आणि मागच्या फलकावर शाळेचं नाव मोठ्या अक्षरांत होतं. कुत्र्याचं नाव त्याहून सोपं निघालं, कारण तो गेला तेव्हा काकूंनी त्याच्यावर चार ओळी लिहिल्या होत्या आणि खाली साठ जणांनी नाव घेऊन हळहळ व्यक्त केली होती. आईच्या माहेराला जरा वेळ लागला. काकूंनी स्वतः ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. पण त्यांच्या मामांच्या पंचाहत्तरीचा फोटो त्यांच्या मावसभावाने टाकला होता आणि त्यात मामांचं पूर्ण नाव होतं. मामाचं आडनाव तेच आईचं माहेरचं आडनाव. तिन्ही उत्तरं मिळून मला अर्धा तासही लागला नाही.

काकू थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे मी काही न टाकताही सापडते." अगदी तसंच आहे. म्हणूनच जुन्या पोस्ट पुसून हा प्रश्न सुटत नाही. उत्तर तुमच्या भिंतीवर नसतं, ते मावसभावाच्या, शाळेतल्या मैत्रिणीच्या, भाचीच्या भिंतीवर असतं.

आपल्याकडे ही उत्तरं जास्तच उघडी का असतात

हे प्रश्न बनवले गेले तेव्हा अशी कल्पना होती की आईचं माहेरचं आडनाव घरच्यांशिवाय कुणाला ठाऊक नसतं. मराठी घरात ते लग्नपत्रिकेवर छापलेलं असतं. पत्रिकेत मामांची नावं असतातच आणि हल्ली तीच पत्रिका व्हॉट्सअॅपवर चार गटांत फिरते. कितीतरी बायका शाळेतल्या मैत्रिणींना सापडावं म्हणून प्रोफाइलवर सासरच्या आडनावापुढे माहेरचंही लिहितात. अशा बाईच्या मुलाला "आईचं माहेरचं आडनाव" विचारलं, तर उत्तर शोधावंसुद्धा लागत नाही.

"वडिलांचं मधलं नाव" हा प्रश्न तर आपल्यासाठी नाहीच. आपल्या नावात मधे वडिलांचं नाव येतं, म्हणून वडिलांचं मधलं नाव म्हणजे आजोबांचं नाव. ते काकाच्या पूर्ण नावातही मधेच असतं. काकाचं प्रोफाइल पाहिलं की झालं.

आणि काही उत्तरं शोधावीही लागत नाहीत, अंदाजानेच बरोबर येतात. नागपूरच्या माणसाचं जन्मगाव काय असेल? नागपूर नाहीतर अमरावती, वर्धा, भंडारा, चंद्रपूर, यवतमाळ, गोंदिया. दहा प्रयत्न मिळाले तर बहुतेक माणसं त्यातच सापडतील. आवडत्या पदार्थाचंही तसंच आहे. तर्री पोहे, संत्रा बर्फी, पुरणपोळी इथून सुरुवात केली तर फार पुढे जावं लागत नाही. गूगलच्या संशोधकांनी 2015 मध्ये आपल्याच वापरकर्त्यांच्या अशा उत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या बाबतीत "आवडता पदार्थ" या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच अंदाजात बरोबर येण्याची शक्यता 19.7 टक्के निघाली. पाचातलं एक खातं, एका फटक्यात.

यातून प्रत्यक्षात काय होतं याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण 2008 सालचं आहे. अमेरिकेत उपाध्यक्षपदाच्या उमेदवार असलेल्या सॅरा पेलिन यांचं याहू खातं एका विशीतल्या विद्यार्थ्याने उघडलं. त्याला लागली ती फक्त जन्मतारीख, पिनकोड आणि नवऱ्याशी भेट कुठे झाली या प्रश्नाचं उत्तर. पेलिन यांच्याबद्दल आधीच छापून आलेल्या माहितीतून हे सगळं मिळालं. भेट झाली होती ती शाळेत, आणि शाळेचं नाव जगजाहीर होतं.

मग खोटं उत्तर द्यायचं, पण कसलं खोटं?

हे उत्तर खरं असण्याची खात्याला काही गरज नसते. ते फक्त आधी लिहिलेलं आणि आत्ता दिलेलं एकसारखं आहे का एवढंच बघतं. सुरक्षा प्रश्नाचं उत्तर म्हणजे दुसरा पासवर्डच. प्रश्न हा त्यावरचा नुसता लेबल. "पहिली शाळा" असं लेबल असलेल्या डब्यात तुम्ही काहीही ठेवू शकता.

इथे लोक एक चूक करतात. ते मनातून खोटं उत्तर काढतात, आणि मनातून काढलेली खोटी उत्तरं बहुतेकांची सारखीच निघतात. त्याच 2015 च्या अभ्यासात 37 टक्के लोकांनी सांगितलं की त्यांनी मुद्दाम खोटी उत्तरं दिली होती. पण अशा उत्तरांचा अंदाज बांधणं उलट सोपं झालं, कारण सगळ्यांना सुचणारी खोटी उत्तरं तीच ती होती. आपल्याकडेही कुत्र्याचं नाव विचारलं की कुत्रा नसलेला माणूस "मोती" किंवा "टॉमी" लिहितो. शाळेचं नाव उलटं लिहिणं, शेवटी 123 जोडणं, आईऐवजी सासूचं माहेर देणं, हेही त्यातलंच. म्हणून उत्तर मनातून काढायचं नाही, चिठ्ठीतून काढायचं.

काकूंनी उत्तरं कशी काढली

काकूंच्या भिशीत हाउजी खेळतात, त्यामुळे 1 ते 90 आकड्यांच्या सोंगट्यांची पिशवी घरात होतीच. सोबत एक जुना दिवाळी अंक घेतला. पिशवीत हात घालून एक सोंगटी काढायची, त्या आकड्याचं पान उघडायचं आणि पानावर डोळ्यांना दिसणारं पहिलं साधं वस्तूचं नाव घ्यायचं. सोंगटी परत पिशवीत टाकून, हलवून, पुन्हा काढायची. असे तीन शब्द मिळून एक उत्तर.

पहिल्या प्रश्नासाठी 17, 62 आणि 5 निघाले. पान 17 वर कंदील, 62 वर रेती, 5 वर सुतळी. काकू म्हणाल्या, "सुतळी कशाला, दुसरं काढून राहिले मी." ते करू दिलं नाही. आवडत नाही म्हणून शब्द बदलला की पुन्हा मनातलंच यायला लागतं. शब्द बदलायचा तो एकाच कारणासाठी, इंग्रजी अक्षरांत तो दोन-तीन प्रकारे लिहिला जात असेल तेव्हा. दुसऱ्या प्रश्नाच्या वेळी "चाळणी" आलं. ती chalni की chaalni की chalani हे दोन वर्षांनी कुणालाच आठवणार नाही, म्हणून तिथे मात्र नवी सोंगटी काढली.

तीन शब्दांत 90 गुणिले 90 गुणिले 90, म्हणजे 7 लाख 29 हजार शक्यता होतात. तेही समोरच्याला तुमचा नेमका दिवाळी अंक माहीत आहे असं धरून. चुकीची उत्तरं थोडी झाली की बहुतेक खाती काही वेळ बंद होतात, त्यामुळे एवढं पुरतं. ज्या खात्यात पैसे आहेत तिथे चौथा शब्द घ्या, शक्यता साडेसहा कोटींच्या वर जातात. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड सांभाळून ठेवणारं अॅप, वापरत असाल तर त्यातलं शब्द जोडून पासवर्ड बनवणारं साधन हेच काम करतं, सोंगट्यांची गरज नाही.

उत्तर म्हणून अक्षरांचा नुसता गोंधळ का नको, सरळ पासवर्डसारखं का नको, हे काकूंच्या मुलीने फोनवर विचारलं. त्याला कारण आहे. काही ठिकाणी हे उत्तर फोनवर माणसाला सांगावं लागतं. उत्तराच्या जागी "ष्ट्क्ष9" सारखं काही असेल, आणि कुणी भामटा फोन करून म्हणाला की "अहो, मी तेव्हा काहीतरी बडबड टाइप केली होती", तर समोरचा दमलेला कर्मचारी ते खरं मानून पुढे जाऊ शकतो, कारण पडद्यावर त्याला बडबडच दिसते. "कंदील रेती सुतळी" हे मात्र शब्दच आहेत. ते म्हणता येतात, ऐकता येतात, आणि ज्याला येत नाहीत तो लगेच उघडा पडतो.

टाइप करताना

उत्तर इंग्रजी अक्षरांतच लिहा. पुढे परदेशी संगणकावर किंवा मराठी कळफलक नसलेल्या फोनवर खातं परत मिळवायची वेळ आली तर अडायला नको. सगळी अक्षरं लहान लिहा. काही संकेतस्थळं लहान-मोठी अक्षरं वेगळी धरतात, काही धरत नाहीत. सगळी लहान असली की हा विचारच करावा लागत नाही. फोन पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो, तिकडे लक्ष ठेवा. शब्दांमधली मोकळी जागा चालत नसेल तर शब्द सरळ जोडून लिहा, आणि जोडलेलं तसंच वहीत उतरवा.

प्रत्येक प्रश्नाला वेगळं उत्तर, आणि प्रत्येक संकेतस्थळावर पुन्हा वेगळं. यात तडजोड करू नका. याहूमधून 2013 मध्ये चोरी झाली ती 2016 मध्ये जाहीर झाली, तेव्हा चोरीला गेलेल्या माहितीत काही खात्यांचे सुरक्षा प्रश्न आणि त्यांची उत्तरंही होती. पासवर्ड बदलता येतो. पण तुम्ही खरी शाळा दहा ठिकाणी दिली असेल आणि ती एका ठिकाणाहून गेली, तर शाळा काही बदलता येत नाही. खरं उत्तर न देण्यामागे हेही एक मोठं कारण आहे.

काकूंच्या वहीतली नोंद अशी दिसते (शब्द मी बदलले आहेत, तुम्हीही हेच वापरू नका):

```
जुना ईमेल, 3 प्रश्न
आईचं माहेरचं आडनाव : kandil reti sutli
पहिली शाळा          : tabla dagad kapus
पाळीव प्राणी        : jhadu til pipa
```

प्रश्नाचे शब्द पडद्यावर असतील तसेच उतरवा. "पहिली शाळा" आणि "प्राथमिक शाळा" असे दोन सारखे प्रश्न वेगवेगळ्या ठिकाणी येतात आणि नंतर गोंधळ होतो.

लिहून ठेवायचं, पण कुठे

ही उत्तरं लक्षात ठेवायचा प्रयत्नसुद्धा करू नका. खरी उत्तरंही लोकांना आठवत नाहीत. वर सांगितलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या इंग्रजी बोलणाऱ्या 40 टक्के लोकांना गरजेच्या वेळी स्वतःचंच उत्तर देता आलं नाही. हा प्रश्न वर्षानुवर्षांनी एकदा विचारला जातो, आणि तेव्हा माणूस आधीच घाबरलेला असतो.

पासवर्ड मॅनेजर असेल तर त्या खात्याच्या नोंदीखाली टिपण म्हणून लिहा. नसेल तर कागदाची वही चांगली. दूरचा चोर फेसबुक बघू शकतो, तुमच्या कपाटातली वही नाही. घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची भीती असेल तर दागिने जिथे ठेवता तिथेच वही ठेवा. दोन गोष्टी मात्र करू नका. वहीच्या पानाचा फोटो काढू नका, तो आपोआप फोटोंच्या साठवणीत आणि कधी कधी चुकून कौटुंबिक गटावर जातो. आणि ईमेलची उत्तरं त्याच ईमेलमध्ये स्वतःला पाठवून ठेवू नका. ज्या दिवशी ती हवी असतील त्या दिवशी ते ईमेल उघडत नसेल, कपाटाची चावी कपाटातच राहिल्यासारखं.

खोटं कुठे बोलायचं नाही

नवख्या माणसाचा सगळ्यांत जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून नीट वाचा. बँकेच्या केवायसी अर्जात, पॅनच्या अर्जात, पासपोर्टमध्ये, विम्यात "आईचे नाव" हा रकाना असतो. तो सुरक्षा प्रश्न नाही, ती नोंद आहे, आणि तिथे कागदपत्रांवर आहे तेच खरं लिहायचं. तिथे कंदील लिहिलात तर पुढे नाव जुळत नाही म्हणून काम अडेल. बँकेला फोन केल्यावर जन्मतारीख आणि आईचं नाव विचारतात, ते याच नोंदीतून, आणि तिथे खरंच सांगावं लागतं. ओळखायची खूण अशी: रकाना अर्जाच्या मुख्य भागात असेल, इतर माहितीसोबत आणि कागदपत्रांच्या जोडीने, तर ती नोंद. पासवर्ड ठरवताना यादीतून प्रश्न निवडायला सांगत असतील, तर तो सुरक्षा प्रश्न. शंका आली तर खरं लिहा आणि नंतर विचारून घ्या.

बँकेत आईचं नाव खरं द्यावंच लागतं आणि ते बाहेर माहीत असतं, यावर तुमच्या हातात उपाय एवढाच आहे की स्वतःहून आलेल्या फोनवर ते सांगायचं नाही. फोन ठेवायचा, कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर आपण फोन करायचा. सोंगट्यांनी काढलेल्या उत्तरांनाही हाच नियम.

लावून झाल्यावर

नवी उत्तरं जतन केली की तिथेच उठू नका. खात्यातून बाहेर पडा, "पासवर्ड विसरलो" दाबा, आणि प्रश्न विचारला जाईल तिथपर्यंत जा. वहीत बघून उत्तर टाइप करा. नवा पासवर्ड मागणारं पान आलं की उत्तर बरोबर बसलं, तिथून मागे फिरा, जुना पासवर्ड तसाच राहतो. काकूंचं तिसरं उत्तर इथेच चुकलेलं निघालं. फोनने `til` चं `till` करून टाकलं होतं आणि कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. अजून आत जाता येत होतं म्हणून दोन मिनिटांत दुरुस्त झालं. दोन वर्षांनी कळलं असतं तर काही करता आलं नसतं.

त्याच पानावर आणखी दोन गोष्टी बघून घ्या. पर्यायी मोबाइल नंबर अजून तुमचाच आहे का? बंद केलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला देते, आणि मग तुमच्या खात्याचा ओटीपी त्याच्याकडे जातो. काकूंच्या खात्यावर काकांचा जुना नंबर होता, तो आठ वर्षांपूर्वी बंद झालेला. दुसरं, सुरक्षा प्रश्न पूर्ण काढून टाकून त्याऐवजी फोनवर दर वेळी नवा कोड दाखवणारं ऑथेंटिकेटर अॅप किंवा छापून ठेवायचे बॅकअप कोड वापरायची सोय आहे का? असेल तर तीच घ्या. मोठ्या कंपन्या हे प्रश्न सोडून देत आहेत. अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने, एनआयएसटीने, 2017 च्या नियमांत पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव विचारण्याची पद्धत वापरू नका असं उदाहरणासकट लिहून ठेवलं आहे. सोंगट्यांचा खटाटोप आहे तो जिथे प्रश्नांशिवाय दुसरा रस्ताच नाही त्या खात्यांसाठी.

आणि एक, खास आपल्याकडचं. प्रवेशाचा, परीक्षेचा, शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना ज्यांचं खातं ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानात उघडलं गेलं, त्यांचे सुरक्षा प्रश्न बहुतेक वेळा त्या दुकानातल्या माणसाने भरलेले असतात. गर्दीत घाईने त्याने सगळ्यांना एकच उत्तर दिलेलं असू शकतं. तुमची उत्तरं काय आहेत हे तुम्हालाच माहीत नसेल, तर आधी ते खातं उघडून सगळे प्रश्न नव्याने लावा. घरातल्या कॉलेजच्या मुलांना हे नक्की विचारा, बरेचदा तेव्हाच कळतं.

फेसबुकवर "तुमची पहिली गाडी कोणती? पहिल्या बाईंचं नाव काय? बघू कुणाला आठवतं!" अशा पोस्ट फिरतात आणि खाली शेकडो जण आनंदाने लिहितात. उत्तरं चिठ्ठीतून काढलेली असतील तर तुम्हीही खुशाल लिहा. काकूंनी त्याच संध्याकाळी आपल्या पहिल्या बाईंबद्दल लिहिलं.

वही त्यांनी देवघराखालच्या कप्प्यात ठेवली आहे. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, "यातली उत्तरं खरी नाहीत, आहेत तशीच टाकायची." कप्पा कोणता, हे पुण्याच्या मुलीला फोनवर नाही, ती दिवाळीला घरी आली की दाखवायचं ठरलं आहे.